छोट्या कंपनीचा शेअर घेण्याआधी: स्प्रेड आणि इम्पॅक्ट कॉस्ट स्वतः कशी मोजायची

शेअर घेतला की संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट येते. ब्रोकरेज, एसटीटी, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी, एक्स्चेंजचा आकार असं सगळं त्यात पैशापर्यंत मांडलेलं असतं. नवे लोक ब्रोकर निवडताना हे आकडे बारकाईने ताडून पाहतात. कोण डिलिव्हरीवर ब्रोकरेज घेत नाही, कोण वीस रुपये घेतो, यावर तासन्‌तास चर्चा चालते. पण फारशी उलाढाल नसलेल्या छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये सगळ्यात मोठा खर्च त्या नोटेत लिहिलेलाच नसतो. तो तुम्हाला मिळालेल्या भावात मुरलेला असतो. घेताना थोडं महाग मिळतं, विकताना थोडं स्वस्त जातं, आणि दोन्ही वेळा ‘बाजारभावानेच तर व्यवहार झाला’ असं वाटतं.

हा खर्च ऑर्डर टाकण्याआधी मोजता येतो, त्याला पाच मिनिटं पुरतात. गणित सातवीतल्या सरासरीचं आहे.

पहिली पायरी: शेवटचा भाव बाजूला ठेवा, डेप्थ उघडा

अ‍ॅपमध्ये शेअरच्या नावासमोर ठळक दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. मोठ्या कंपनीत तो सौदा सेकंदापूर्वीचा असतो. छोट्या कंपनीत तो तासाभरापूर्वी झालेला असू शकतो, तोही पाचदहा शेअरचा. त्या भावाला आत्ता कोणी उभा आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

ते कळतं मार्केट डेप्थमध्ये. शेअरवर टिचकी मारली की ही खिडकी उघडते. डावीकडे बिड म्हणजे खरेदीदारांनी लावलेले भाव, उजवीकडे ऑफर म्हणजे विक्रेत्यांनी मागितलेले भाव, दोन्ही बाजूंच्या सर्वांत चांगल्या पाच ओळी आणि प्रत्येक भावाला किती शेअर आहेत ते. समजा एका छोट्या कंपनीची खिडकी अशी दिसते आहे. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण अशी खिडकी रोज शेकडो शेअरमध्ये दिसते.

| खरेदीचा भाव | शेअर | विक्रीचा भाव | शेअर |
|---|---|---|---|
| १८१.१० | ४० | १८३.९० | ६० |
| १८०.५० | १५० | १८४.०० | १०० |
| १८०.०० | ६०० | १८५.०० | ३४० |
| १७९.२५ | १०० | १८६.५० | २०० |
| १७८.०० | ५०० | १८८.०० | ८०० |

पहिल्या ओळीतल्या दोन भावांमधलं अंतर म्हणजे स्प्रेड. इथे तो १८३.९० वजा १८१.१०, म्हणजे २ रुपये ८० पैसे. नुसत्या रुपयांवरून मात्र काही ठरत नाही. ३,००० रुपयांच्या शेअरमध्ये २.८० चा स्प्रेड किरकोळ आहे, १८२ च्या शेअरमध्ये नाही. म्हणून दोन्ही भावांचा मध्य काढायचा, इथे १८२.५०, आणि स्प्रेडला त्याने भागायचं. उत्तर येतं सुमारे १.५३ टक्के. आत्ता एक शेअर घेऊन लगेच विकला, तर कंपनीत काहीही न घडता एवढे पैसे जातील.

हा मध्यभाव लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्याच्याभोवती आहे. एक्स्चेंज त्याला आदर्श भाव मानतं.

दुसरी पायरी: आपली संख्या घेऊन खिडकीतून खाली उतरा

स्प्रेड पहिल्या ओळीपुरताच बोलतो, आणि पहिल्या ओळीत फक्त ६० शेअर विकायला आहेत. तुम्हाला हवेत ५००. तुम्ही मार्केट ऑर्डर टाकली तर यंत्रणा आधी ते ६० शेअर १८३.९० ला उचलेल, मग १०० शेअर १८४ ला, आणि उरलेले ३४० शेअर १८५ ला. म्हणजे ११,०३४ अधिक १८,४०० अधिक ६२,९००, एकूण ९२,३३४ रुपये. सरासरी भाव पडला १८४.६७.

इम्पॅक्ट कॉस्ट म्हणजे हा मिळालेला सरासरी भाव मध्यभावापासून किती टक्के सरकला ते. १८४.६७ वजा १८२.५०, भागिले १८२.५०. उत्तर १.१९ टक्के. स्प्रेडचा अर्धा भाग यात आपोआप आलेला असतो, तो वेगळा धरायचा नाही. नवे लोक इथे हमखास दोनदा मोजतात.

आता हेच ५०० शेअर विकून पाहू, कारण कधीतरी विकायचे आहेतच. ४० शेअर १८१.१० ला जातील, १५० शेअर १८०.५० ला आणि ३१० शेअर १८० ला. हातात येतील ९०,११९ रुपये. सरासरी १८०.२४, म्हणजे मध्यभावापेक्षा १.२४ टक्के खाली. घेणं आणि विकणं मिळून २,२१५ रुपये गेले, खरेदीच्या रकमेच्या २.४ टक्के.

या सौद्यावरची एसटीटी दोन्ही बाजूंची ०.१ टक्क्याने सुमारे १८२ रुपये होते आणि खरेदीवरची ०.०१५ टक्के स्टॅम्प ड्युटी १४ रुपये. नोटेत दिसणाऱ्या या दोन कराच्या रकमा मिळून दोनशेच्या आत राहतात, आणि न दिसणारा खर्च त्याच्या अकरापट होतो. वीस रुपये ब्रोकरेज वाचवायला ब्रोकर बदलणाऱ्यांनी हे गणित एकदा तरी करावं.

संख्या वाढवली की काय होतं तेही पाहा. ५०० ऐवजी १,५०० शेअर घ्यायचे ठरवले, तर उजवीकडच्या पाचही ओळी संपतात. एकूण २,८०,०३४ रुपये लागतात, सरासरी १८६.६९, इम्पॅक्ट कॉस्ट २.३ टक्के. शेअर तिप्पट झाले, पण मध्यभावापेक्षा जास्त मोजलेले पैसे १,०८४ वरून ६,२८४ वर गेले, जवळजवळ सहापट. आणि तेच १,५०० शेअर विकायला गेलात तर डावीकडच्या पाच ओळींत मिळून खरेदीदार १,३९० शेअरचेच आहेत. उरलेले ११० कोणत्या भावाला जातील ते खिडकीत दिसतही नाही.

तुलनेला एक मोजमाप देतो. एखाद्या कंपनीला निफ्टी ५० मध्ये यायचं असेल तर एनएसईची अट अशी असते की मागच्या सहा महिन्यांत निर्देशांकातल्या सगळ्या शेअरच्या मिळून १० कोटी रुपयांच्या बास्केटसाठी तिची सरासरी इम्पॅक्ट कॉस्ट ९० टक्के वेळा ०.५० टक्के किंवा त्याहून कमी असावी. आपल्या उदाहरणात ९२ हजारांच्या खरेदीलाच १.१९ टक्के लागले.

तिसरी पायरी: आजचा दिवस नेहमीसारखाच आहे ना, हे तपासा

खिडकी म्हणजे एका क्षणाचं चित्र असतं. दुपारी एक वाजता ती रिकामी दिसेल आणि तीनला भरलेली. म्हणून दिवसभरात दोनचार वेळा पाहा, आणि त्याशिवाय एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर व्यवहारांच्या माहितीत इम्पॅक्ट कॉस्टचा आकडा दिलेला असतो, तोही बघा. सेबीच्या नियमांनुसार मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आगाऊ ठेवायची रक्कम, ठरवण्यासाठी शेअरचे तीन गट पाडले जातात. सहा महिन्यांत किमान ८० टक्के दिवस सौदे झाले आणि एक लाखाच्या ऑर्डरसाठी सरासरी इम्पॅक्ट कॉस्ट १ टक्का किंवा कमी राहिली, तर शेअर पहिल्या गटात. दिवस भरले पण खर्च १ टक्क्याहून जास्त, तर दुसऱ्या. बाकीचे तिसऱ्या. नवशिक्याने दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्या शेअरकडे आधी ‘पुढे विकता येईल का’ या बाजूने बघावं, असं माझं मत आहे.

हा आकडा सहा महिन्यांची सरासरी आहे, हे विसरू नका. वाईट बातमीच्या दिवशी, म्हणजे तुम्हाला नेमकं विकायचं असेल तेव्हा, खर्च या सरासरीच्या कितीतरी पट असतो.

एवढा खर्च येतो कुठून

‘छोटी कंपनी आहे, घेणारे कमी’ हे उत्तर बरोबर आहे पण अर्धवट. घेणारे कमी असले तरी कोणीतरी १८२.४० ला खरेदी आणि १८२.६० ला विक्री असे भाव लावून मधले वीस पैसे का कमवत नाही?

जुन्या मोटारसायकली घेऊन विकणाऱ्याचा विचार करा. तो तुमची गाडी कमी भावात घेतो आणि पुढे बऱ्याच जास्त भावात विकतो, कारण ती दुकानात किती दिवस पडून राहील हे त्याला ठाऊक नसतं आणि इंजिनात काय दडलंय हे त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं. शेअरमध्ये भाव लावून उभा राहणाऱ्याची अडचण तीच आहे.

पहिली भीती अडकून पडण्याची. मोठ्या शेअरमध्ये हजार शेअर गळ्यात पडले तर दोन मिनिटांत बाहेर पडता येतं, किंवा फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, विकून धोका झाकता येतो. छोट्या शेअरमध्ये फ्युचर्स नाहीत, आणि समोरचा गिऱ्हाईक उद्या येईल की परवा, सांगता येत नाही. त्यात शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात असेल (एनएसईवर बीई मालिका, बीएसईवर टी गट) तर आज घेतलेले आजच विकून हिशेब मिटवण्याची सोयच नाही, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी घ्यावी-द्यावी लागते. सट्टा आवरायला हा उपाय केला जातो. पण त्यामुळे दिवसभर दोन्ही बाजूंना भाव लावणारे जॉबर तिथून उठतात आणि स्प्रेड आणखी रुंदावतो.

दुसरी भीती जास्त खोल आहे. प्रवर्तकांकडे ७५ टक्क्यांपर्यंत शेअर असू शकतात, उरलेल्यातलेही बरेच नातेवाईक आणि जुन्या ओळखीपाळखीच्या लोकांकडे. कंपनीवर अहवाल लिहिणारे विश्लेषक नसतातच म्हणा. अशा ठिकाणी समोरून अचानक दोन हजार शेअर विकायला आले, तर विकणाऱ्याला पैशांची गरज आहे की त्याला तिमाहीचे आकडे आधीच कळले आहेत, हे भाव लावणाऱ्याला ओळखता येत नाही. म्हणून तो प्रत्येकच विक्रेत्याला थोडा कमी आणि प्रत्येकच खरेदीदाराला थोडा जास्त भाव लावतो. जास्त माहिती असलेल्यांकडून होणारा तोटा तो आपल्यासारख्यांकडून असा भरून काढतो.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. निकालाच्या आदल्या दिवशी किंवा एखादी अफवा उठली की स्प्रेड रुंदावतो, कारण ही दुसरी भीती वाढलेली असते. सौदा करायचाच असेल तर हे दिवस टाळा.

चौथी पायरी: किती घ्यायचे ते बाहेर पडण्यावरून ठरवा

मागच्या महिन्याभराची रोजची उलाढाल काढा. सरासरी काढू नका, नेहमीचा दिवस कसा असतो ते बघा. एखाद्या दिवशी साठ हजार शेअरची बल्क डील झाली असेल (कंपनीच्या ०.५ टक्क्याहून जास्त शेअर एका दिवसात हलले की ती जाहीर होते) तर महिन्याची सरासरी फुगते आणि शेअर चालता असल्याचा भास होतो. तो दिवस वगळून पाहा.

समजा नेहमीच्या दिवशी ४,००० शेअर फिरतात. भाव फार न हलवता त्यातला दहावा हिस्सा आपला असू शकतो असं मी धरतो, म्हणजे ४०० शेअर. १,५०० शेअर घेतलेत तर बाहेर पडायला चार दिवस लागणार. हे चालणार असेल तर घ्या. मुलाच्या फीचे पैसे असतील तर चालणार नाही.

म्युच्युअल फंडांनाही हाच प्रश्न पडतो, फक्त मोठ्या आकड्यात. मार्च २०२४ पासून स्मॉलकॅप आणि मिडकॅप योजनांना पोर्टफोलिओचा २५ टक्के आणि ५० टक्के भाग विकायला किती दिवस लागतील हे जाहीर करावं लागतं. तुमच्याकडे एखादा स्मॉलकॅप फंड असेल तर त्याचा हा आकडा फंड कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

पाचवी पायरी: ऑर्डर कशी टाकायची

कमी उलाढालीच्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर टाकायची नाही. यात अपवाद सुचत नाही मला. लिमिट ऑर्डरच, म्हणजे भावाची मर्यादा स्वतः ठरवलेली ऑर्डरच टाका, आणि तीही आधी स्प्रेडच्या आत.

आपल्या उदाहरणात ५०० शेअर हवे असतील तर आधी २००-३०० शेअरची खरेदी १८२.४० ला लावा. तुम्ही आता सर्वांत वरचे खरेदीदार झालात, आणि ज्याला विकायचं आहे तो आधी तुमच्याकडे येईल. थोड्याच वेळात कोणीतरी १८२.४१ लावून तुमच्या पुढे जाऊन उभा राहण्याची शक्यता आहे. २५० रुपयांखालच्या शेअरसाठी एनएसईने जून २०२४ मध्ये भावाची किमान पायरी पाच पैशांवरून एक पैसा केली, त्यामुळे पुढे घुसायला आता एक पैसाही पुरतो. चिडून त्याच्या मागे धावू नका. तसं केलं तर दोघे मिळून पैशापैशाने १८३.९० पर्यंत चढाल, आणि विक्रेता बसून बघेल.

समजा ३०० शेअर १८२.४० ला मिळाले आणि उरलेले २०० कंटाळून खिडकीतून उचलले: ६० शेअर १८३.९० ला, १०० शेअर १८४ ला आणि ४० शेअर १८५ ला. एकूण ९१,५५४ रुपये, सरासरी १८३.११, इम्पॅक्ट कॉस्ट ०.३ टक्के. मार्केट ऑर्डरच्या तुलनेत ७८० रुपये वाचले.

थांबण्याचीही किंमत असते. भाव वर निघून गेला तर शेअर मिळतच नाहीत. त्याहून वाईट म्हणजे सगळेच्या सगळे शेअर क्षणात मिळतात. तुमची ऑर्डर दोन तास कोणी शिवली नाही आणि अचानक एका फटक्यात पूर्ण भरली, तर ताबडतोब एक्स्चेंजवरच्या कंपनीच्या घोषणा उघडून बघा. बऱ्याचदा काही नसतं. पण कधीकधी विकणाऱ्याने ती घोषणा तुमच्या आधी वाचलेली असते. म्हणून ऑर्डर लावून दिवसभर बाहेर जाऊ नये, निदान निकालाच्या हंगामात तरी नाही.

मोठी संख्या असेल तर ती एकदम दाखवू नका. डिस्क्लोज्ड क्वांटिटीचा पर्याय वापरला तर खिडकीत ऑर्डरचा काही भागच दिसतो, मात्र तो किमान दहा टक्के ठेवावा लागतो. शेअर बीएसई आणि एनएसई दोन्हीकडे असेल तर दोन्ही खिडक्या उघडा, कारण प्रत्येक एक्स्चेंजचं ऑर्डर बुक स्वतंत्र असतं. काही जुन्या कंपन्यांमध्ये बीएसईवर जास्त गर्दी असते आणि सवयीने एनएसईवर ऑर्डर टाकणारा विनाकारण जास्त मोजतो. डीमॅटमध्ये आलेले शेअर कुठेही विकता येतात. सकाळी सव्वानऊनंतरची पहिली पंधरावीस मिनिटं सोडून द्या, तेव्हा स्प्रेड सहसा सर्वांत रुंद असतो.

सहावी पायरी: स्टॉप-लॉस आणि सर्किट यांचा आधीच विचार करा

स्टॉप-लॉस म्हणजे भाव ठरवलेल्या पातळीपर्यंत पडला की आपोआप सुटणारी विक्रीची ऑर्डर. मोठ्या शेअरमधली ही सवय इथे उलटते. आपल्याच खिडकीवर परत या. तुम्ही ५०० शेअरवर १७८ चा स्टॉप-लॉस लावला आहे, ट्रिगर झाला की मार्केट भावाने विक्री. दुसऱ्या कोणीतरी घाईत ९०० शेअर मार्केट ऑर्डरने विकले. वरच्या चार ओळींतले ८९० शेअर संपले आणि शेवटचे १० शेअर १७८ ला गेले. तुमचा ट्रिगर उडाला. १७८ च्या ओळीत आता ४९० शेअरच उरले आहेत. तुमचे तेवढे तिथे जातील, उरलेले १० आणखी खाली. पंधरा मिनिटांत खरेदीदार पुन्हा १८१ वर येऊन उभे राहतील. कंपनीत काहीही घडलेलं नसताना दीडएक लाखाच्या परक्या विक्रीने तुम्हाला बाहेर काढलं. लिमिट असलेला स्टॉप-लॉस लावला तर भाव सांभाळला जातो, पण खऱ्या घसरणीत तो भरलाच न जाता मागे राहू शकतो. अशा शेअरमध्ये मी अलर्ट लावून स्वतः विकणं पसंत करतो आणि मुळात संख्याच कमी ठेवतो.

सर्किटचं तर वेगळंच. डेरिव्हेटिव्हजमध्ये, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, नसलेल्या शेअरना २, ५, १० किंवा २० टक्क्यांची दैनिक मर्यादा असते. भाव खालच्या मर्यादेला टेकला की डावी बाजू रिकामी होते आणि उजवीकडे त्याच एका भावाला हजारो शेअरची रांग लागते. तेव्हा स्प्रेड मोजायला दुसरा भावच नसतो. तुमच्या पोर्टफोलिओच्या पानावर मात्र शेअरची किंमत त्या सर्किटच्या भावाने दिमाखात दाखवलेली असते. रांगेत एकाच भावाला आधी आलेल्याचा नंबर आधी लागतो, म्हणून कोणी खरेदीदार उगवलाच तरी तुमच्यापर्यंत पोचेल याची खात्री नाही.

शेअर घेण्याआधी त्याचा सहा महिन्यांचा चार्ट उघडून खालचं सर्किट सलग किती दिवस लागलं होतं ते मोजा. आपल्या शेअरची मर्यादा ५ टक्के आहे असं धरलं, तर १८२.५० वरून सलग चार खालच्या सर्किटनंतर भाव सुमारे १४८.६५ होतो, आणि या चार दिवसांत एकही शेअर विकता आला नाही असं घडू शकतं. १,५०० शेअरवर ही घट सुमारे ५०,८०० रुपयांची आहे. एवढी रक्कम सोसणार नसेल तर संख्या इथेच, ऑर्डर टाकण्याआधी, कमी करा.